पैसे गेलेले दिसतायत, बिल कुठाय?

तुमच्या खिशातून पैसे गेले याबद्दल अकाउंट्सच्या लोकांना तिळमात्र शंका नसते. ते कशासाठी गेले, कोणाला गेले आणि त्यांचा भार ऑफिसने का उचलावा, एवढंच त्यांना कागदावर हवं असतं. आपण मात्र बँकेचा मेसेज नाचवत त्यांच्या टेबलापाशी पोचतो. मग आमच्या अकाउंट्सच्या मॅडम चष्म्यावरून बघत शांतपणे म्हणतात, "पैसे गेलेले दिसतायत. बिल कुठाय?"

मध्यंतरी ऑफिसच्या कामाने परगावी राहून आलो. खोली एका बुकिंग साइटवरून घेतली होती, पैसे आगाऊ भरले होते. परत आल्यावर क्लेम भरला आणि साइटने पाठवलेली पीडीएफ जोडली. काय देखणी पीडीएफ होती ती! वर लोगो, मध्ये हॉटेलचा फोटो, माझं नाव, तारखा, भरलेली रक्कम आणि खाली सुखाच्या प्रवासाच्या शुभेच्छा. क्लेम परत आला. शेरा तीन शब्दांचा: 'बिल जोडलेले नाही.'

"मग हे काय आहे?" मी विचारलं.

"हे बुकिंग कन्फर्मेशन. खोली तुमच्यासाठी राखून ठेवली, एवढंच हा कागद सांगतो. उद्या तुम्ही बुकिंग रद्द करून पैसे परत घेतलेत, तरी ही पीडीएफ अशीच हसत राहणार."

"पण मी राहिलोय तिथे!"

"तुम्ही राहिला असाल हो. कागद तसं म्हणत नाही."

मग मी हॉटेलात कपडे धुऊन घेतले होते त्याची कार्ड मशीनची स्लिप पुढे केली. ती तोवर जवळजवळ कोरी झाली होती. त्या स्लिपमध्ये शाई नसतेच म्हणे. कागदावर रसायनाचा थर असतो आणि मशीन त्याला ठिकठिकाणी चटका देऊन अक्षरं उमटवते. ऊन, उष्णता आणि काही प्रकारच्या प्लॅस्टिकमधलं रसायन या तिन्हींनी ती अक्षरं पुसट होतात. म्हणजे स्लिप खराब होऊ नये म्हणून मी ती जपून पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली होती, ती तिच्या मारेकऱ्याच्याच हवाली केली होती. हातात पडल्या पडल्या फोटो काढून ठेवणं हा एकच उपाय. अर्थात ठळक असती तरी मॅडमनी ती घेतली नसतीच. स्लिपवरून रक्कम कळते, वस्तू कळत नाही. तेवढ्याच पैशात कपडे धुतले असतील किंवा नवे घेतले असतील.

बिल म्हणजे काय, हे मग त्यांनी मला बोटांवर मोजून सांगितलं. विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कर-नोंदणीचा नंबर. बिलाचा स्वतःचा नंबर आणि तारीख. काय विकलं, किती, आणि त्यावरचा कर वेगळा दाखवलेला. आणि कोणाला विकलं, ते. या शेवटच्या बोटापाशी त्या थांबल्या. तिथे माझं नाव चालत नाही, कंपनीचं लागतं, तिच्या नोंदणी नंबरासकट. कारण ज्या खर्चांना कायदा परवानगी देतो, त्यांच्यावर भरलेला कर कंपनीला स्वतःच्या करातून वजा करता येतो. बिल माझ्या नावाचं असेल तर तो कर बुडाला. माझ्या नावात तेवढी किंमत नाही हे त्यांनी अगदी सौम्य शब्दांत सांगितलं.

मी बिलाच्या शोधात निघालो. हॉटेलला फोन केला. "सर, पैसे तुम्ही साइटला दिलेत, बिल तेच देतील." साइटला लिहिलं. "आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, बिल हॉटेल देईल." पुन्हा हॉटेल. पुन्हा साइट. पैसे घेताना दोघंही हजर होते, बिल द्यायच्या वेळी दोघंही घराबाहेर.

या कोड्याचं उत्तरही मॅडमकडेच निघालं. त्या म्हणाल्या, पैसे कोणाच्या खात्यात गेले ते बघू नका, खोली कोणी विकली ते बघा. काही साइट्स खोली स्वतःच्या नावाने विकतात, तिथे सगळं बिल साइटचं. काही नुसती गाठ घालून देतात, तिथे खोलीचं बिल हॉटेलचं आणि साइटचं बिल फक्त तिच्या सेवाशुल्काचं. हे कन्फर्मेशनच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. मी वाचलं. आमची साइट गाठ घालणारी निघाली. तिने तत्परतेने पाठवलेलं बिल सेवाशुल्काचं होतं, रकमेच्या मानाने अगदीच चिल्लर. खोलीसाठी पुन्हा हॉटेलच. "दोन्ही बिलं आली की बेरीज करा," मॅडम म्हणाल्या. "कार्डावरून गेलेल्या रकमेशी जुळली तरच माझ्याकडे या."

कन्फर्मेशनमधलं ते वाक्य अधोरेखित करून पाठवल्यावर हॉटेल नरमलं. बिल आलं. बेरीज शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली. आणि 'ग्राहक' या रकान्यात ठसठशीत माझं नाव.

रिसेप्शनवरचा मुलगा भला होता. "सर, पेनाने कंपनीचं नाव लिहून शिक्का मारून देऊ का?" हे मी मॅडमना फोनवर विचारलं आणि पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. निघालेल्या बिलावर पेन चालवायचं नसतं. जुनं बिल क्रेडिट नोट काढून मारायचं आणि नव्या नंबराचं नवं बिल करायचं. हॉटेलच्या दृष्टीने हे संकटच, कारण त्यांच्याही आत कुठेतरी एक अकाउंट्स असतं आणि तिथेही चष्म्यावरून बघणारं कोणीतरी असतं. "चेकआउटच्या आधी सांगितलं असतंत तर सिस्टीममध्ये एका मिनिटात बदललं असतं, सर," तो मुलगा म्हणाला. आता पाहुणा निघून गेलेला, दिवसाचा हिशेब बंद झालेला, वरिष्ठांची परवानगी हवी. माझा सगळा मुक्काम झाला नसेल इतका काळ त्या परवानगीला लागला.

अखेर नवं बिल आलं. कंपनीचं नाव, पत्ता, नोंदणी नंबर, तारखा, करासकट सगळं जिथल्या तिथे. सोबत जुन्या बिलाची क्रेडिट नोट. हॉटेलने कामाला लागलेच आहोत तर म्हणून प्रत्येक गोष्टीची वेगळी ओळसुद्धा टाकली होती. मॅडमनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. "बिल असं असावं," त्या म्हणाल्या. मला गहिवरून आलं.

मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"खोलीत नाश्ता धरलेला आहे?"

"हो, असतो ना तिथे."

"तुम्ही दैनिक भत्ता पूर्ण लावलाय. नाश्ता बिलात असेल तर भत्त्यातून नाश्त्याचा भाग वजा होतो. आधीच्या कागदांत ही ओळच नव्हती, म्हणून कळलं नव्हतं." त्यांनी कॅल्क्युलेटर जवळ ओढला. "आणि कपडे धुण्याचं बिल आणलंयत का? नसलं तरी हरकत नाही. इतक्या लहान मुक्कामाला ते आपण देतच नाही."