काळ्या-पांढऱ्या नकाशावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

इमारत आखण्याआधी घरं काळी आणि मोकळी जागा पांढरी दाखवणारा नकाशा काढा, असं मी पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीचा नकाशा देऊन लिहिलं होतं. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

«काळे-पांढरे नकाशे रंगवणं हा कॉलेजच्या पोरांचा खेळ आहे. एफएआर आणि सेटबॅक दिले की इमारत आपोआप ठरते. शिवाय तुमच्या फोंतेन्हासच्या नकाशात एक घर गायब आहे, आणि लेख नेहमीसारखाच लांब आहे.»

घर राहिलं, मान्य. पी.टी. शीटवर, म्हणजे शहराच्या सर्व्हे नकाशावर, त्याचा चलता नंबर, म्हणजे सर्व्हेतला क्रमांक, होता, माझ्याकडून भरायचं राहिलं. लांबीबद्दल काही बोलत नाही. पण ‘पोरांचा खेळ’ हा सूर कशासाठी? पणजीत वीस वर्षं हेच काम करतोय, एवढंच सांगतो.

‘आपोआप ठरते’ हे मात्र तपासूया. एफएआर म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते, आणि सेटबॅक म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा. समजा, फोंतेन्हासच्या एका ओळीत दोन प्लॉट एकत्र करून 13 मीटर दर्शनी रुंदी मिळाली. दोन्ही बाजूंना 3 मीटर सोडले की 7 मीटरचा ठोकळा उरतो. शेजारच्या घरांची तोंडं 5 ते 7 मीटरची, म्हणजे तुमचा आकडा चक्क जुळला! आता तो नकाशात भरून बघा. सलग काळ्या पट्टीत दोन पांढऱ्या फटी पडतात, आणि त्या सगळ्या रस्त्यात दुसरीकडे कुठेच नाहीत. शेजाऱ्यांच्या ज्या चिऱ्याच्या भिंती आजवर एकमेकींना टेकून होत्या, त्या उघड्या पडतात. त्यांना पावसासाठी गिलावा कधी झालेलाच नसतो आणि चिरा पाणी शोषतो. जूनमध्ये त्या फटीत दोन छपरांचं पाणी पडतं आणि ओल शेजाऱ्याच्या आतल्या खोलीत दिसते. शिवी कोणाला बसते, ते तुम्हीच ओळखा.

म्हणून आधी नकाशा. 1:1000 वर प्लॉटभोवतीचा 140 मीटरचा परिसर ए-3 कागदावर मावतो. पी.टी. शीटवरून घरं काळी करा, मग चालत फिरून दुरुस्त करा. उपग्रहाच्या चित्रावर विसंबू नका, त्यात कौलांच्या पागोळ्या दिसतात आणि प्रत्येक घर भिंतीपेक्षा फुगतं. घरापुढचं बसायचं बल्कांव काळं नको, राखाडी रेघा मारा, कारण ते अर्धं रस्त्याचंच असतं. (नकाशाकार नोलीने 1748 च्या रोमच्या नकाशात चर्चचे गाभारेसुद्धा पांढरे ठेवले, ते उगीच नव्हे.) मग तोच कागद उलटा काढा, मोकळी जागा काळी. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याला घरांमागची परसं एकमेकांना जोडलेली असतील, तर तिथेच लगेच दिसतात. टेकडीवरून उतरणारं पाणी आणि वारा त्यांच्यातूनच जातो.

आता 13 मीटर पुन्हा घ्या. 6 आणि 7 असे दोन भाग, दोघांच्या भिंती शेजाऱ्यांना टेकलेल्या, तोंड रस्त्याच्या रेषेवर, आणि मागची भिंत शेजाऱ्यांच्या मागच्या भिंतीपलीकडे परसात गेलेली नाही. बाजूला जे सोडत होतात ते मागे परसाला द्या. बाजूच्या सेटबॅकमध्ये सवलत मागताना हाच नकाशा अर्जाला जोडा, ‘ओळ सलग आहे’ हे तोंडी सांगण्यापेक्षा बरं. उंची मात्र या नकाशात दिसत नाही, तिला रस्त्याचा छेद वेगळा काढावा लागतो. हा मुद्दा तुम्ही काढला असता, तर मी निमूट मान्य केला असता.