छापा, काटा आणि पाठाचं टाचण

नववीला संभाव्यता शिकवायची तर मुलांच्या हातात नाणी आणि फासे द्या, असं प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. एवढी नाणी आणायची कुठून, हे मात्र कोणी सांगत नाही. हल्ली कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशीसुद्धा क्यूआर कोड पुढे करतात. वाण्याकडे रुपयाची 24 नाणी मागितली, तर त्याने आधी गल्ल्याकडे आणि मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी त्याच्याकडे किडनी मागितली होती. फाशांसाठी तुळशीबाग गाठली. "सुटे फासे ठेवत नाही. अख्खा लुडो घ्या," दुकानदार म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

वर्गात 48 मुलं, म्हणजे 24 जोड्या. एकानं उडवायचं, दुसऱ्यानं लिहायचं. सिंह तो छापा, आकडा तो काटा, हे आधीच फळ्यावर लिहायचं, नाहीतर निम्मी तासिका त्याच वादात जाते. नाणं हातभर उंच उडवायचं आणि बाकावर पसरलेल्या रुमालावर पडू द्यायचं. रुमाल नसला तर ते थेट शेवटच्या बाकाखाली जातं आणि त्याला शोधायला अर्धा वर्ग जातो. एका जोडीनं 50 वेळा उडवायचं. एकेका वेळेला दहा सेकंद धरले, तर आठ-नऊ मिनिटं. हजेरी वगळता तीस मिनिटं हाती उरतात, तेव्हा जमेल.

खरी मेख नोंदीत आहे. बहुतेक जण ताळ्याच्या खुणा करायला लावतात. मी छ आणि का क्रमानं लिहायला लावणार, एका ओळीत दहा, अशा पाच ओळी. कारण खुणांमधून फक्त बेरीज कळते. नाणं खरंच उडवलं की नाही, ते क्रमच सांगतो.

याचा पुरावा घरातच मिळाला. रंगीत तालीम म्हणून रविवारी यजमानांना नाणं दिलं. पाच मिनिटांत क्रिकेटवरची नजर न हलवता त्यांनी कागद परत केला. छापे 25, काटे 25.

"तुम्ही उडवलंच नाहीत."

"अगं, अगदी बरोबर निम्मे आलेत की!"

निम्मे येणं हा काही गुन्हा नाही. 50 वेळांत नेमके 25 छापे येण्याची शक्यता साधारण 11 टक्के असते. गुन्हा पुढे होता. त्यांच्या अख्ख्या कागदावर सलग तीनपेक्षा जास्त छापे किंवा काटे कुठेच नव्हते. खरोखर उडवलं तर असा कागद शंभरात दोनदाच मिळतो. उलट दहातल्या आठ कागदांवर पाच किंवा त्याहून जास्त सलग सारखे येतातच. पण मनानं लिहिणारा माणूस चौथा छापा लिहायला बिचकतो, 'आता काटा यायला हवा' म्हणतो. नाण्याला असली भीड नसते. वर्गात असे कागद सापडले की मी ते फाडणार नाही, खऱ्यांच्या शेजारी फळ्याला चिकटवणार.

मग 24 जोड्यांची बेरीज. एखाद्या जोडीला 19 छापे येतील, एखादीला 30. 18 ते 32 मधलं काहीही मी मुकाट्यानं मान्य करणार. सगळ्यांचे मिळून 1200 झाले की टक्केवारी पन्नासच्या जवळ सरकेल. इथे पुढच्या बाकावरची एक मुलगी हात वर करणार, हे मला आजच दिसतंय: "मॅडम, आमचे 28 आले, फरक फक्त 3 चा होता. वर्गाचे 618 आले, फरक 18 चा झाला. मग जवळ कसं?" तिचं बरोबर आहे. फरक वाढू शकतो, गुणोत्तर तरी जवळ येतं: 56 टक्क्यांवरून 51.5. तिच्यासाठी जॉन केरिक राखून ठेवलेत. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध असताना या गृहस्थांनी नाणं 10,000 वेळा उडवलं. छापे आले 5067. फरक 67 चा, पण टक्केवारी 50.67. (त्यांना तासिका संपल्याची घंटा नव्हती.)

फाशांचा प्रश्न वेगळा. लुडो खेळून वाढलेल्या प्रत्येक मुलाची खात्री असते की सहा मुद्दाम येत नाही. फासा डब्यात हलवून झाकणात टाकायचा, पहिले दहा डाव लिहायचे. दहांत एकदाही सहा न येण्याची शक्यता जवळपास 16 टक्के, म्हणजे 24 पैकी तीन-चार जोड्या "बघा, म्हटलं नव्हतं!" म्हणून ओरडणार. ओरडू द्यायचं, मग त्यांनाच इतर जोड्यांचे तक्ते वाचायला लावायचे.

हे सगळं टाचणात उतरवून पर्यवेक्षिकांकडे नेलं. 'अपेक्षित उत्तर' या रकान्यात मी लिहिलं होतं: छापे 18 ते 32; सगळ्या जोड्यांचे 25 आल्यास चौकशी.

त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे बरोबर उत्तर आलं तर चौकशी?"

"हो मॅडम."

त्यांनी सही केली, पण खाली लाल शाईनं लिहिलं: 'फासे तासिकेनंतर कार्यालयात जमा करावेत.'