नफा तोच, मग परतावा वाढला कसा?

“कंपनीचा नफा वाढला नाही, तरी भागधारकांच्या निधीवरील परतावा 12 वरून 15 टक्के झाला, ही प्रगती मानावी का?”

दादरच्या आमच्या अभ्यासगटात अशा वेळी आम्ही ड्युपाँट पद्धतीने परतावा तीन घटकांच्या गुणाकारात मांडतो. समजा, पहिल्या वर्षी विक्री 100 कोटी, निव्वळ नफा 6 कोटी, मालमत्ता 100 कोटी आणि भागधारकांचा निधी 50 कोटी होता. म्हणजे विक्रीवरील नफ्याचे प्रमाण 6 टक्के, मालमत्तेची उलाढाल 1 पट, मालमत्ता निधीच्या 2 पट, आणि गुणाकार 12 टक्के. पुढे विक्री व मालमत्ता प्रत्येकी 120 कोटी झाली, नफा 6 कोटीच राहिला, पण कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेतल्याने, म्हणजे शेअर बायबॅकमुळे, निधी 40 कोटींवर आला. आता नफ्याचे प्रमाण 5 टक्के, उलाढाल 1 पटच, मात्र तिसरा घटक 3 पट, म्हणून परतावा 15 टक्के. धंदा सुधारलेला नाही. बाहेरची देणी 50 वरून 80 कोटींवर गेली आहेत.

येथे एक मेख आहे. व्याज निव्वळ नफ्यातूनच वजा होत असल्याने कर्ज पहिल्या घटकालाही खाली ओढते, त्यामुळे व्याज व करापूर्वीचा नफा विक्रीशी ताडून पाहावा: तो टिकून असेल तर घसरण व्याज किंवा करामुळे आहे, तोही घटला असेल तर मूळ धंद्यातच दुखणे आहे. बँकांना मात्र हे मोजमाप जसेच्या तसे लावू नये, कारण ठेवी ही बाहेरची देणी असली तरी तोच त्यांचा कच्चा माल असतो.