चुकलेल्या दरावर पट्टी नको, वाक्यच परत बोलून घ्या

प्रतिक्रिया:

> "ताई, लेख वाचला. एका चुकलेल्या दरासाठी माणसाला परत बसवा, तोच माइक लावा, अख्खं वाक्य पुन्हा म्हणवून घ्या, एवढा वेळ कुणाकडे आहे? मी त्याच व्हिडिओत दुसरीकडे बोललेला आकडा उचलून चिकटवतो, नाहीतर स्क्रीनवर बरोबर दराची पट्टी टाकतो. आजवर कुणाची तक्रार नाही. आणि गुपचूप आवाज बदलणं ही बघणाऱ्यांची फसवणूक नाही का?"

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पण त्याचं उत्तर आधीच्या दोन गोष्टींतून निघतं, म्हणून अगोदर त्या घेते. एक खरं काम समोर ठेवूनच बोलू.

म्हापशातल्या एका काजूच्या दुकानाचा व्हिडिओ होता. दुकानाचे मालक, आमचे काका, स्वतः बोलत होते: "सालीसकट भाजलेले काजू, अर्धा किलो साडेचारशे रुपये. किलोभर घेतलात तर नऊशेला पडतात." दर होता साडेपाचशे आणि अकराशे. बोलण्याच्या ओघात आकडा घसरला, आणि पुढचा हिशेब त्यांनी त्या घसरलेल्या आकड्यावरच केला. व्हिडिओ लोकांपुढे जाण्याआधी त्यांनी पाहिला तेव्हा हे लक्षात आलं.

इथे पट्टी टाकली असती तर काय झालं असतं? कानावर साडेचारशे आणि डोळ्यांसमोर ५५०. जे स्वयंपाक करता करता किंवा गाडीत नुसतं ऐकतात, त्यांच्यापर्यंत फक्त साडेचारशे पोचतं. जे बघतात आणि ऐकतातही, त्यांना यातला खरा कुठला ते कळत नाही. पट्टीच चुकली असेल, असंही वाटू शकतं, कारण माणूस तर ठामपणे वेगळं सांगतोय. असा गिऱ्हाईक तुमच्याकडे तक्रार करत नाही, तो दुकानात जाऊन काउंटरवर वाद घालतो. तक्रार तुमच्यापर्यंत आली नाही याचा अर्थ ती झालीच नाही, असं मी धरणार नाही.

आता आकडा उचलून चिकटवण्याबद्दल. काका त्याच व्हिडिओत आधी म्हणाले होते, "आमच्याकडे पाच प्रकारचे काजू मिळतात." म्हणजे "पाच" हाताशी होता. तो "साडेचारशे"मधल्या "चार"च्या जागी बसवून बघा. "पाच प्रकारचे" म्हणताना च नंतर लगेच ओठ मिटतात, त्यामुळे च आखूड आणि तुटक येतो. "पाचशे"मध्ये तोच च पुढच्या शे मध्ये वाहत जातो. आपल्यातले बरेच जण तर सरळ "पाश्शे" म्हणतात. म्हणजे जिथे कात्री लावायची, तिथे बोलण्यात सांधाच नाही. शिवाय "साडे"चा शेवटचा ए पुढे येणाऱ्या अक्षराच्या तयारीने वळलेला असतो. च च्या आधीचा ए आणि प च्या आधीचा ए कानाला वेगळे लागतात. वर सूरही जुळत नाही: "पाच प्रकारचे" हे वाक्याच्या सुरुवातीचं, आवाज चढलेला. दर येतो तो वाक्याच्या शेवटाकडे, आवाज उतरताना. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण त्या आकड्यापाशी काहीतरी केलंय हे त्याला जाणवतं, आणि दराच्या बाबतीत तेवढंच नको असतं. तोच पूर्ण आकडा, तशाच वाक्याच्या शेवटी, त्याच बैठकीत बोललेला असेल तर उचलणं जमतं. तसा मिळाला तर खुशाल वापरा.

म्हणून मी अख्खा तुकडा परत बोलून घेते. या कामात तो "सालीसकट"पासून "पडतात"पर्यंत होता, कारण त्याच्या आधी काकांनी श्वास घेतला होता आणि नंतर थोडे थांबले होते. कापायचं ते श्वासाच्या आधी, म्हणजे नव्या वाक्याचा श्वासही नवाच येतो. थांबा मिळतच नसेल तर क, ट, प यांसारख्या अक्षराच्या अगदी आधी कापावं. "अर्धा किलो"मधल्या "कि"च्या आधी तोंडातली हवा क्षणभर अडते आणि आवाज खरोखरच बंद होतो, तिथे सांधा लपतो. स्वराच्या मधोमध कापलं तर कितीही घासूनपुसून तो लपत नाही.

खरी अडचण रेकॉर्डिंगच्या जागेची होती, आणि आपल्या गोव्यात ती दरवर्षी येते. मूळ चित्रण एप्रिलमधलं, दुपारी दुकान बंद असतानाचं: वर पंखा, कोपऱ्यात फ्रिजची घरघर, बाकी शांत. दुरुस्ती जूनमध्ये. पत्र्यावर पाऊस. पावसाचा आवाज नंतर काढून टाकू म्हणून तसंच रेकॉर्ड करायचा मोह होतो, पण आवाज साफ करणारं फिल्टर पावसाच्या सरसरीबरोबर स आणि श सुद्धा खाऊन टाकतं. "साडेपाचशे" या शब्दात तेच तर आहेत. आम्ही उघडीप मिळेपर्यंत थांबलो. पंखा त्याच वेगावर, फ्रिज चालू, काका त्याच खुर्चीवर, कॉलर माइक शर्टाच्या त्याच उंचीवर. माइक हनुवटीपासून दूर गेला की आवाजात खोलीचा घुमा वाढतो, जवळ आला की कमी होतो, आणि हे नंतर कुठल्याही बटणाने नीट सुधारत नाही. लहानमोठा आवाज जुळवता येतो, अंतर जुळवता येत नाही.

बोलण्याआधी काकांना इयरफोनवर त्यांचीच एप्रिलमधली आधीची दोन वाक्यं ऐकवली आणि त्या मागच्या वाक्यापासूनच बोलायला सांगितलं. नुसतं "साडेपाचशे म्हणा" म्हटलं तर माणूस आकडा वाचून दाखवल्यासारखा म्हणतो. मागून धावत आला तर मूळ लय सापडते. मग सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट रिकाम्या दुकानाचा आवाज घेतला. एप्रिलच्या चित्रणातलाही असा रिकामा तुकडा, म्हणजे रूम टोन, माझ्याकडे होता. त्याच्याशी हा ताडून पाहता आला. माणूस परगावी असेल तर व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज घेऊ नका. तो दाबून पाठवला जातो आणि आवाजाची वरची धार जाते. फोनवर साधं रेकॉर्डिंग करून ती फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

टाइमलाइनवर फार काही उरत नाही. आवाजाच्या दोन्ही सांध्यांना साधारण १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज विरत असताना दुसरा चढवणं, आणि खाली एप्रिलचा रूम टोन, नव्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा सेकंद जास्त पसरलेला. हा थर घातला नाही तर सांध्यापाशी पंख्याचा आवाज एकदम दबल्यासारखा होतो आणि तिथे भोक पडल्यासारखं वाटतं. पातळी जुळवताना मीटरवर भिस्त ठेवू नये. आधीचं वाक्य, नवा तुकडा आणि पुढचं वाक्य सलग, डोळे मिटून, इयरफोनवर ऐकावं. फोनच्या स्पीकरवर घरघर ऐकूच येत नाही, म्हणून तिथे सगळं बरं वाटतं. चूक कुठे होती हे ज्याला माहीत नाही अशा कुणाला तरी ऐकवा. तो त्या जागी मान वर करत नसेल, तर काम झालं.

चित्राचं काय? "चार" म्हणताना ओठ उघडे असतात, "पाच"ला मिटतात. समोरून घेतलेल्या चेहऱ्यावर हे दिसतंच. म्हणून त्या जागी चेहरा नको: तराजूत काजू ओततानाचा शॉट आवाजाच्या सांध्याच्या सेकंदभर आधी सुरू केला आणि पुढचं वाक्य लागल्यावर संपवला. पहिला निवडलेला शॉट मात्र टाकून द्यावा लागला, कारण परातीत खोचलेल्या चिठ्ठीवर वेगळाच दर लिहिलेला दिसत होता. नवा तुकडा मूळपेक्षा १२ फ्रेम लांब आला, २५ फ्रेमच्या हिशेबाने जवळजवळ अर्धा सेकंद. काकांचा आवाज दाबून आखूड करण्याऐवजी तराजूचा शॉट तेवढा लांबवला. मग पुढची प्रत्येक पाटी आणि सबटायटल तेवढंच पुढे सरकवावं लागतं, नाहीतर तिथून शेवटपर्यंत अक्षरं आवाजाच्या आधी येत राहतात.

स्क्रीनवरच्या अक्षरांत लोक सर्वात जास्त फसतात ते चुकीच्या आकड्यापाशी नाही, त्याच्यापासून निघालेल्या आकड्यांपाशी. इथे ४५० बदलला तरी ९०० राहिला असता. तो शेवटच्या पाटीवर होता, थंबनेलवर होता, व्हिडिओखालच्या मजकुरात होता. म्हणून शोधताना एकाच रूपात शोधू नका. ४५०, 450, साडेचारशे, चारशे पन्नास, आणि मग ९०० आणि नऊशे, ही सगळी रूपं सबटायटलच्या फाइलमध्ये आणि मजकुरात बघा. आमच्या फाइलमधली दुरुस्त जागा अशी:

```
14
00:01:12,400 --> 00:01:15,900
अर्धा किलो साडेपाचशे रुपये.

15
00:01:16,100 --> 00:01:18,700
किलोभर घेतलात तर अकराशेला पडतात.
```

पाटी दुरुस्त करायची ती मूळ प्रोजेक्टमध्ये, तयार व्हिडिओवर नवी पाटी डकवून नाही. ४५० च्या जागी ५५० तेवढ्याच रुंदीत बसतो, पण ९०० च्या जागी १,१०० आला की चौकट अपुरी पडते आणि "रु." बाहेर ढकललं जातं. प्रोजेक्ट हरवलाच असेल तर जुनी पाटी पूर्ण झाकणारी अपारदर्शक पाटी लावा. अर्धवट पारदर्शक पाटीखालून जुना आकडा डोकावतो.

आता फसवणुकीबद्दल. काकांचा दर तेव्हाही साडेपाचशेच होता, त्यांना साडेपाचशेच म्हणायचं होतं, आणि दुरुस्त वाक्य त्यांच्याच तोंडचं, त्यांच्या संमतीने घेतलेलं आहे. यात मला फसवणूक दिसत नाही. उलट खऱ्यापेक्षा कमी दर ऐकवणारी जाहिरात तशीच ठेवणं हीच दिशाभूल, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची दखल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही घेतलेली आहे. पण दर त्या दिवशी बरोबर होता आणि पुढे वाढला, तर मी आवाजाला हात लावत नाही. तिथे तुमची पट्टीच योग्य: "हा दर एप्रिलचा आहे, आजचा दर दुकानात विचारा." माणूस त्या दिवशी खरं बोलला होता, ते बदलून टाकायचं नाही.

आणि व्हिडिओ आधीच लोकांनी पाहिला असेल तर गुपचूप काही करू नये, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. यूट्यूबवर त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही. नव्याने चढवलं की लिंक नवी होते आणि जुन्या प्रतिक्रिया, किती जणांनी पाहिलं तो आकडा मागेच राहतो. लिंक दुकानाच्या पाटीवर किंवा क्यूआर कोडमध्ये छापलेली असेल, तर यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमधून तेवढी दोन वाक्यं कापून टाकणं मी पत्करते, कारण कापल्यावर लिंक तीच राहते. त्याबरोबर सर्वात वर पिन केलेली प्रतिक्रिया: आधी काय ऐकू येत होतं, खरा दर काय, आणि दुरुस्ती कधी केली. ज्यांनी साडेचारशे ऐकून घरी सांगितलं असेल, त्यांना ती ओळ सापडायला हवी, म्हणून त्यात दोन्ही आकडे लिहिते, नुसता नवा नाही.