ग्रॅम वजनाचे, कॅलरी ऊर्जेच्या
"अंडं ५० ग्रॅमचं, मग आहाराच्या नोंदीत प्रथिनं फक्त ६ ग्रॅम कशी? आणि ७० कॅलरी आल्या कुठून?"

५० ग्रॅम हे अख्ख्या अंड्याचं वजन, अर्थात कवच सोडून. त्यातला पाऊण भाग नुसतं पाणी, आणि पाण्याला कॅलरी नसतात. उरलेल्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, ५ ग्रॅम स्निग्धांश आणि अगदी नावाला कर्बोदकं. शरीराला ऊर्जा देणारे मुख्य घटक हे तीनच, यांनाच मॅक्रो म्हणतात.

ग्रॅम वजन सांगतो, कॅलरी ऊर्जा. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅममागे ४ कॅलरी देतात, स्निग्धांश मात्र ९. म्हणजे सहा चोक चोवीस, पाच नव्वे पंचेचाळीस, झाले ६९. कर्बोदकांची एखाद-दुसरी धरली की तुमचा आकडा आलाच. गंमत बघा, स्निग्धांश वजनाने कमी असूनही निम्म्याहून जास्त कॅलरी त्याच्याच.

मी सुरुवातीला अंड्याचं वजनच प्रथिनांच्या रकान्यात लिहायचो. दोन अंड्यांत १०० ग्रॅम प्रथिनं! तसं असतं तर नुसत्या प्रथिनांच्याच ४०० कॅलरी व्हायला हव्या होत्या आणि शेजारी १४० दिसत होत्या, तेव्हा चूक कळली. हा गुणाकार अधूनमधून करून बघा. पाच-दहा कॅलरींचा फरक सोडून द्या, ४ आणि ९ हे आकडेही सरासरीच आहेत.