मुदत उलटल्यावरही हिरवा दिसणारा प्रोजेक्ट

“रंग अनुभवी मॅनेजरने ठरवावा, मर्यादा आखल्या की विचार थांबतो. आकडा हवाच असेल, तर एसपीआय ०.९५ च्या वर म्हणजे हिरवा, एवढे पुरे. आणि लाल लगेच दाखवू नये, टीम खचते. आधी पिवळा ठेवावा.”

हा मजकूर मला धाकट्या बहिणीने पाठवला. तिच्याकडे नुकताच पहिला प्रोजेक्ट आला असून ती यावरूनच साप्ताहिक अहवालात प्रोजेक्टची स्थिती दाखवणारे रंग ठरवणार होती, म्हणून हे तातडीने लिहीत आहे.

सर्वांत घातक आहे तो एसपीआयचा, म्हणजे शेड्यूल परफॉर्मन्स इंडेक्सचा सल्ला. प्रत्यक्ष झालेल्या कामाला त्या तारखेपर्यंतच्या नियोजित कामाने भागले की हा आकडा मिळतो. ४० आठवड्यांचा, १००० मनुष्य-दिवसांचा प्रोजेक्ट घ्या, ज्यात दर आठवड्याला २५ मनुष्य-दिवसांचे काम योजलेले आहे. विसाव्या आठवड्याअखेर ५०० ऐवजी ४४० चे काम झाले, तर एसपीआय ०.८८ येतो आणि इशारा वेळेवर मिळतो. मात्र चाळिसावा आठवडा उलटला की नियोजित काम १००० वरच थांबते आणि झालेले काम वाढत राहते. शेहेचाळिसाव्या आठवड्याअखेर ९६० चे काम झाले असेल, तर एसपीआय ०.९६, म्हणजे हिरवा! मुदत उलटून सहा आठवडे झाले आहेत, काम अजून अपुरे आहे आणि अहवाल सांगतो की सर्व ठीक आहे. कितीही उशीर झाला तरी काम संपते त्या दिवशी हा आकडा १ होतोच.

वॉल्ट लिपके यांनी २००३ मध्ये मांडलेली ‘अर्न्ड शेड्यूल’ पद्धत याच दोषावरचा उपाय आहे. ९६० चे काम मूळ योजनेप्रमाणे किती आठवड्यांत व्हायला हवे होते, असे ती विचारते. उत्तर येते ३८.४; त्याला ४६ ने भागले की ०.८३. लालची मर्यादा ०.८५ च्या खाली ठरली असेल, तर रंग लाल, आणि तोच खरा. दोन्ही आकडे पूर्णांकन न करता तपासावेत, हेही आधीच लिहून ठेवावे, कारण ०.८४६ चे ०.८५ करून लालचा पिवळा करणारे मी पाहिले आहेत.

अनुभवाबद्दलचे म्हणणे अर्धे खरे आहे, हे मान्य करावे लागते. मुख्य तज्ज्ञ राजीनामा देणार असल्याचे कोणत्याही गुणोत्तरात दिसत नाही. म्हणून मॅनेजरला आकड्यापेक्षा वाईट रंग देण्याची मुभा असावी. चांगला रंग द्यायचा असेल, तर मात्र प्रायोजकाची लेखी संमती लागावी.

टीम खचण्याची भीती रंगाचा अर्थ न ठरवल्यामुळे वाटते. प्रिन्स२ या प्रकल्प व्यवस्थापनाच्या पद्धतीत वेळ आणि खर्चाची सहनसीमा आधीच ठरते आणि ती ओलांडली जाईल असा अंदाज दिसताच बाब प्रकल्प मंडळाकडे जाते. बहिणीला मी हाच आधार घ्यायला सांगितले आहे: अंदाज सीमेबाहेर गेला तर लाल, सीमेचा निम्म्याहून अधिक भाग खर्ची पडणार असेल तर पिवळा, अन्यथा हिरवा.