तर्क की हदीस? मोडू पाहणाऱ्या एका सौद्याची गोष्ट

वाचकाची प्रतिक्रिया: "चारही मजहब कुरआन, हदीस, एकमत आणि कियास हे चार आधार मानतात, असं तुम्ही लिहिलंय. मग निकाल वेगळे का येतात, ते लेखात कुठेच नाही. नवख्याला सरळ सांगा ना, हनफी तर्काने चालतात, हंबली हदीसने आणि बाकीचे दोघे मधे. इतकं सोपं असताना गोल गोल कशाला?"

नमस्कार. नवख्यांसाठी आधी एक ओळ: मजहब म्हणजे इस्लामी कायद्याचे पंथ, हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली; हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची आणि कृतींची सांगत आलेली नोंद; कियास म्हणजे ठरलेल्या निकालावरून सारखेपणा पाहून नवा निकाल काढणं. नुसत्या आधारांच्या यादीवरून पद्धत कळत नाही, हे मला मान्य आहे. पण तुम्ही सुचवलेली वाटणी मी नवख्याला देणार नाही. ती एकदा डोक्यात बसली की पुढचं सगळं चुकीचं दिसू लागतं. त्यापेक्षा एकच प्रकरण घेऊ आणि चौघे त्याकडे कसे बघतात ते पाहू.

बाजारात दोन माणसं बसली आहेत. एक म्हणतो, "हा उंट शंभर दिरहमला दिला." दुसरा म्हणतो, "घेतला." दोघे अजून तिथेच बसलेले आहेत. उंटात काही खोट नाही, कुणी फसवलेलं नाही. घेणाऱ्याचं मन मात्र फिरलं. त्याला एकतर्फी सौदा मोडता येईल का? अबू हनीफा (मृत्यू ७६७) आणि मालिक (मृत्यू ७९५) म्हणतात, नाही. शाफई (मृत्यू ८२०) आणि अहमद इब्न हंबल (मृत्यू ८५५) म्हणतात, येईल.

या विषयावर एक प्रसिद्ध हदीस आहे. खरेदी-विक्री करणारे दोघे एकमेकांपासून वेगळे होईपर्यंत दोघांनाही माघारीची मुभा आहे, असा तिचा आशय. ती सांगणारे इब्न उमर हे पैगंबरांचे सहकारी. त्यांच्याकडून ती नाफीने ऐकली आणि नाफीकडून इमाम मालिक यांनी. म्हणजे साखळी इतकी भक्कम, की तिच्या खरेपणावर इथे कुणाचाच वाद नाही. आणि तरीही मालिक यांनी आपल्या 'मुवत्ता' या ग्रंथात ही हदीस देऊन लगेच खाली लिहिलं, की आमच्याकडे याला ठरलेली मर्यादा नाही आणि यावर अंमलही चालत नाही.

हदीस स्वतः सांगायची आणि तिच्यावर चालायचं नाही, हे कसं? मालिक मदिनेचे. पैगंबरांची शेवटची दहा वर्षं त्याच शहरात गेली, शेकडो सहकारी तिथेच राहिले आणि तिथल्या बाजारात रोज सौदे होत राहिले. पिढ्यान्‌पिढ्या अख्खं शहर एका रीतीने वागत आलं असेल, तर ती रीत म्हणजे हजारोंनी हजारोंना दिलेली साक्षच, असं मालिकी पंडित मानतात. तिच्यापुढे एकेका माणसामार्फत आलेली बातमी, मग तो माणूस कितीही विश्वासू असो, कमी वजनाची ठरते. शिवाय बैठक किती लांबेल हे आधी कळत नाही, म्हणून मुदत अधांतरी राहते, हीही त्यांची अडचण. सगळ्या मालिकी पंडितांना हे पटलं नाही. अंदलुसमधले इब्न हबीब हदीसच्याच बाजूने गेले.

अबू हनीफा इराकमधल्या कूफा शहराचे. मदिनेची रीत त्यांच्यासाठी पुरावा नाही. तरी ते त्याच निकालावर पोचतात, फक्त वाट वेगळी. करार पाळा, असं कुरआन सांगतं (५:१), आणि परस्पर संमतीचा व्यापार वैध ठरवतं (४:२९). "दिला", "घेतला" म्हटलं की संमती पुरी झाली. हनफी नियम असा, की कुरआनातल्या सर्वसाधारण आज्ञेला एकेकट्या साखळीची हदीस अपवाद जोडू शकत नाही. त्यासाठी ती पुष्कळ जणांमार्फत पसरलेली हवी. त्यातून खरेदी-विक्री तर प्रत्येकाची रोजची गोष्ट, मग इतका महत्त्वाचा नियम मोजक्याच लोकांना कसा ठाऊक? पण हनफी ही हदीस टाकून देत नाहीत, तिचा अर्थ लावतात. 'वेगळं होणं' म्हणजे बोलण्यातून वेगळं होणं. एकाने भाव सांगितला आणि दुसऱ्याने अजून होकार दिला नाही, तोवर दोघेही मोकळे.

शाफई यांना हे दोन्ही मार्ग मान्य नाहीत, आणि उसूलच्या, म्हणजे आधारांवरून निकाल काढण्याच्या शास्त्राच्या, इतिहासातला सगळ्यात मोठा वाद मला इथेच दिसतो. ते मालिक यांचे शिष्य, 'मुवत्ता' त्यांना पाठ. तरी आपल्या 'रिसाला' या ग्रंथात ते आग्रहाने मांडतात, की विश्वासू माणसांची अखंड साखळी असलेली हदीस स्वतःच्या पायावर उभी असते. तिला कुठल्या शहराच्या रीतीचा दुजोरा लागत नाही. ती कुरआनाच्या विरोधात नसते, कुरआनाचा अर्थच उलगडून सांगते. म्हणून 'वेगळं होणं' म्हणजे शरीराने वेगळं होणं. पुरावा खुद्द इब्न उमर यांचा. एखादी खरेदी मनासारखी झाली, की ते उठून थोडं चालून येत, म्हणजे सौदा पक्का होई. शाफई मजहब हे शेवटपर्यंत ताणतो. दोघे बराच वेळ एकत्र बसले किंवा सोबत चालत राहिले, तरी मुभा चालूच. मुभा सोडल्याचं दोघांनी बोलून दाखवलं, तर मात्र ती तिथेच संपते.

आता तुमच्या "हनफी म्हणजे तर्क" या सूत्राकडे येतो. नमाज पढताना कुणी खदखदून हसलं तर त्याची नमाज मोडते, हे चौघांना मान्य. पण हनफी म्हणतात, वजूही, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुऊन केलेली शुद्धीही तुटते. तर्काने पाहिलं तर हे बसत नाही, कारण नमाजेबाहेर हसल्याने वजू तुटत नाही. तरीही हनफींनी इथे कियास बाजूला ठेवला, एका हदीससाठी. तिची साखळी पैगंबरांपर्यंत पोचण्याआधी तुटते, म्हणून शाफई तिला आधार मानत नाहीत. बघा, इथे हदीस धरणारे हनफी आणि सोडणारे शाफई. चौघांनाही हदीस हवी आहे आणि विचारही. कुठली हदीस कधी पुरेशी, याची मापं प्रत्येकाची वेगळी आहेत.

मी कोकणातला, घरी सगळे शाफई. मुंबईत मशिदीच्या वेळापत्रकात असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेच्या, दोन वेळा छापलेल्या दिसतात, एक शाफई आणि एक हनफी. असरचा वाद लोकांना ठाऊक असतो, सौद्याचा सहसा नसतो. कारण आपल्याकडे मालाच्या खरेदी-विक्रीला १९३० चा कायदा लागू आहे आणि हा प्रश्न कोर्टात या रूपात उभाच राहत नाही.

राहिले अहमद. निकाल शाफई यांचाच, पण हंबली पद्धत कळते ती पुढच्या प्रश्नात. समोरचा माघार घेईल या भीतीने मुद्दाम उठून जाणं चालेल का? इब्न उमर यांच्या कृतीवरून वाटतं, चालेल. पण हंबली पंडितांपुढे दुसरी एक हदीस होती. समोरचा सौदा परत घ्यायला सांगेल या धास्तीने त्याला सोडून जाणं योग्य नाही, अशी. सहकाऱ्याची कृती अहमद यांना फार मोलाची, कियासच्या कितीतरी वर. पण पैगंबरांचं वचन तिच्याही वर. म्हणून १३व्या शतकात इब्न कुदामा यांनी उठून जाणं गैर ठरवलं आणि इब्न उमर यांच्यापर्यंत हे वचन पोचलं नसावं, असा खुलासा केला.

हीच दुसरी हदीस विरोधी बाजूही वापरते. 'सौदा परत घ्या' अशी विनंती करावी लागते, याचाच अर्थ सौदा आधीच पक्का झालेला आहे. ज्याच्या हातात एकतर्फी मुभा असेल, तो विनंती कशाला करील?